‘अकरा पट’ म्हणालो आणि श्रोते साडेचारशे टक्क्यांवर पोहोचले: लॉजिस्टिक रिग्रेशनचा तक्ता लोकांसमोर वाचताना

एका तालुक्याच्या गावी पत्रकारांची कार्यशाळा होती. पडद्यावर लॉजिस्टिक रिग्रेशनचा तक्ता लावून मी सांगितलं, “टायटॅनिकवर बायकांची वाचण्याची शक्यता पुरुषांच्या अकरा पट होती.” मागच्या रांगेतल्या एका काकांनी हात वर केला. “साहेब, मघाशी तुम्ही म्हणालात, पहिल्या वर्गातले शंभरातले चाळीसेक पुरुष वाचले असते. मग बायका किती, साडेचारशे?” हशा पिकला. गणित काकांचं बरोबर होतं, वाक्य माझं चुकीचं होतं.

हा घोळ मी तेव्हापासून इतक्या ठिकाणी पाहिलाय की एकदाचं नीट लिहून ठेवतो. उदाहरण तेच घेतो, कारण ती माहिती आर या प्रणालीत आधीपासून असते आणि कुणालाही घरी करून पाहता येतं. १९१२च्या एप्रिलमध्ये बुडालेल्या जहाजावरच्या २२०१ माणसांची ही मोजणी आहे. प्रत्येकाचा वर्ग (पहिला, दुसरा, तिसरा किंवा खलाशी-कर्मचारी), स्त्री की पुरुष, मूल की प्रौढ, आणि वाचला की नाही, एवढंच तिच्यात आहे. वर्ग, लिंग आणि वय यांवरून वाचण्याची शक्यता सांगणारं लॉजिस्टिक रिग्रेशनचं मॉडेल तिच्यावर असं बसवतात:

```r
d <- as.data.frame(Titanic)
m <- glm(Survived ~ Class + Sex + Age, data = d,
         weights = Freq, family = binomial)
summary(m)
```

येणाऱ्या तक्त्यातले पहिले दोनच स्तंभ इथे देतो. बाकीच्यांचं आज काम नाही.

```
             Estimate  Std. Error
(Intercept)    0.6853      0.2730
Class2nd      -1.0181      0.1960
Class3rd      -1.7778      0.1716
ClassCrew     -0.8577      0.1573
SexFemale      2.4201      0.1404
AgeAdult      -1.0615      0.2440
```

‘एकास’ आणि ‘पैकी’

माझं ‘अकरा पट’ आलं कुठून? `SexFemale`समोरचा २.४२०१ हा आकडा `exp()`मध्ये घातला की ११.२५ येतात. त्याला ऑड्स रेशो म्हणतात. चूक हिशेबात नव्हती, ‘शक्यता’ या शब्दात होती. हे अकरा पट शक्यतेचे नाहीत, ऑड्सचे आहेत.

हा फरक सांगायला मराठीत दोन सोयीचे शब्द आहेत. पाचांपैकी एक माणूस वाचला, तर शक्यता ‘पाचांपैकी एक’ म्हणजे २० टक्के. तीच गोष्ट ऑड्समध्ये सांगायची तर वाचलेला एक आणि गेलेले चार, म्हणून ‘एकास चार’. ‘पैकी’ म्हणताना आपण सगळ्यांना मोजतो. ‘एकास’ म्हणताना एका बाजूला वाचलेले आणि दुसऱ्या बाजूला गेलेले उभे करतो. तक्ता सगळा हिशेब ‘एकास’मध्ये मांडतो, तोही लॉगरिदम घेऊन. समोरचा माणूस मात्र जे काही ऐकतो ते ‘पैकी’मध्ये ऐकतो. ‘पैकी’चा आकडा शंभराच्या वर जाऊ शकत नाही, ‘एकास’च्या आकड्याला वरची मर्यादाच नाही. काकांचे साडेचारशे टक्के या दोन भाषांच्या सरमिसळीतून आले.

घटना दुर्मीळ असली, म्हणजे शंभरात दोन-तीनदाच घडत असली, की दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि ही चूक खपून जाते. दुर्मीळ आजारांवरच्या बातम्यांमध्ये ‘इतक्या पट धोका’ असं लिहून निभावतं ते त्यामुळेच. टायटॅनिकवर वाचणं तसं दुर्मीळ नव्हतं. तिथे ही सवय लगेच उघडी पडते.

एका माणसाचा हिशेब हाताने

दुरुस्तीचं सूत्र इतकंच: बेरीज तक्त्याच्या भाषेत करायची आणि भाषांतर अगदी शेवटी, एकदाच करायचं. पहिल्या वर्गातला प्रौढ पुरुष घेऊ.

सुरुवात `(Intercept)`पासून. तिथला ०.६८५३ हा ‘सगळ्यांचा सरासरी’ आकडा आहे असं पुष्कळजण धरून चालतात. तसं नसतं. प्रत्येक बाबतीत तक्त्यात ज्याची ओळ दिसत नाही, त्या गटाचा तो आकडा. `Class1st` दिसत नाही, `SexMale` दिसत नाही, `AgeChild` दिसत नाही. म्हणजे हा पहिल्या वर्गातल्या लहान मुलग्यांचा आकडा झाला, आणि असे मुलगे जहाजावर होते पाच! पाचही वाचले. मॉडेल त्यांना ६६ टक्के देतं. कारण फक्त त्या पाचांकडे बघून तो आकडा ठरलेला नाही. बाकीच्या दोन हजारांवरून ओढलेली रेघ तिथे जाऊन टेकली, एवढंच. म्हणून इंटरसेप्ट लोकांना कधी सांगत बसू नये. तो मोजायला सुरुवात करण्याची जागा आहे, निष्कर्ष नव्हे.

आता प्रौढ म्हणून −१.०६१५ मिळवायचे. पहिला वर्ग आणि पुरुष यांचं काही मिळवायचं नाही, ते आधारगटात आलेच. बेरीज होते −०.३७६२. हे लॉग-ऑड्स. `exp(-0.3762)` म्हणजे ०.६८६५, हे ऑड्स: एक जण गेला तर त्यामागे पाऊण माणसाहून थोडं कमी वाचलं. आता ‘पैकी’त आणायचं, तर वाचलेल्यांना एकूणाने भागायचं. ०.६८६५ भागिले १.६८६५, उत्तर ०.४०७. शंभरांपैकी ४१.

त्याच वर्गातली प्रौढ स्त्री घ्या. इथे ११.२५ने गुणायला हरकत नाही, फक्त गुणायचं ऑड्सला. ०.६८६५ × ११.२५ = ७.७२. भागिले ८.७२, उत्तर ०.८८५. शंभरांपैकी ८९. म्हणजे काकांना द्यायचं उत्तर साडेचारशे नव्हतं, एकोणनव्वद होतं.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर लॉग-ऑड्सची बेरीज `A2`मध्ये ठेवा आणि शेजारी हे लिहा:

```
=1/(1+EXP(-A2))
```

आता तिसरा वर्ग. प्रौढ पुरुषाची बेरीज −०.३७६२ − १.७७७८ = −२.१५४०. ऑड्स ०.११६, शक्यता शंभरांपैकी १०. प्रौढ स्त्रीसाठी ०.११६ × ११.२५ = १.३०५, भागिले २.३०५, शंभरांपैकी ५७.

दोन्ही जोड्या शेजारी ठेवून पाहा. सहगुणक, म्हणजे तक्त्यातला `Estimate`, तोच, अकरा पटही तेच. पण पहिल्या वर्गात ४१चे ८९ झाले, म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. तिसऱ्या वर्गात १०चे ५७ झाले, म्हणजे जवळपास साडेपाच पट. एका सहगुणकाचं ‘टक्क्यांतलं’ उत्तर एकच असं नसतंच. ती व्यक्ती आधी कुठे उभी आहे, त्यावर ते ठरतं. “स्त्री असल्याने शक्यता किती टक्क्यांनी वाढते?” असं कुणी विचारलं, तर “कुठल्या वर्गातली?” असं उलट विचारणं भाग आहे. ती टाळाटाळ नव्हे.

चुकीचं उत्तर कसं ओळखायचं

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत तीन प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात.

शंभराच्या वर टक्के आले, तर ऑड्स रेशोने शक्यतेला गुणलंय. हा काकांचा प्रकार. यात उत्तरच ओरडून चूक सांगतं, म्हणून हा त्यातल्या त्यात बरा.

उणे शक्यता आली, उदाहरणार्थ “या माणसाची शक्यता −०.३७६ येतेय”, तर बहुधा `predict()`ला `type` सांगायचं राहिलंय. काही सांगितलं नाही तर ते लॉग-ऑड्सच देतं. असं लिहावं:

```r
n <- expand.grid(Class = c("1st", "3rd"),
                 Sex = c("Male", "Female"), Age = "Adult")
cbind(n, p = predict(m, n, type = "response"))
```

याने वर हाताने काढलेले चारही आकडे येतात. यायलाच हवेत. निदान एक ओळ तरी हाताने ताडून बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. आधारगट कुठला हे चुकीचं धरलं असेल तर ते तिथेच कळतं.

तिसरा प्रकार खरा घातक, कारण त्याचं उत्तर शहाण्यासारखं दिसतं. एकटा सहगुणक उचलायचा आणि सूत्रात घालायचा: `plogis(2.4201)`. येतात ०.९१८. मग अहवालात ओळ पडते, ‘स्त्रियांची वाचण्याची शक्यता ९२ टक्के’. आकडा शून्य आणि शंभरच्या मध्ये आहे, पटण्याजोगाही आहे, म्हणून कुणी हटकत नाही. प्रत्यक्षात ४७० स्त्रियांपैकी ३४४ वाचल्या, म्हणजे ७३ टक्के. हे ९२ कुणाचेच नाहीत. सहगुणक म्हणजे दोन गटांतलं अंतर. अंतरालाच ठिकाण समजलं की असं होतं. पुण्यापासून चाळीस किलोमीटर सांगितलं, तर पुढे कुठल्या दिशेला हे विचारल्याशिवाय गावाचं नाव सांगता येत नाही.

आकडे बरोबर, तरी चुकीचे

हिशेब निर्दोष केला तरी एक तपासणी उरते, आणि मी स्वतः ती बरीच वर्षं करत नव्हतो. मॉडेलने सांगितलेले ‘शंभरांपैकी’ प्रत्यक्ष मोजणीशेजारी ठेवायचे. इथे सगळी माणसं मोजलेली असल्याने ते सोपं आहे.

पहिल्या वर्गातले प्रौढ पुरुष १७५, वाचले ५७, म्हणजे शंभरांपैकी ३३. मॉडेल म्हणत होतं ४१. प्रौढ स्त्रिया १४४, वाचल्या १४०, म्हणजे ९७. मॉडेल म्हणत होतं ८९. तिसऱ्या वर्गात प्रौढ पुरुष ४६२पैकी ७५, म्हणजे १६, मॉडेलचे १०. स्त्रिया १६५पैकी ७६, म्हणजे ४६, मॉडेलचे ५७.

चुकांची दिशा बघा. पहिल्या वर्गात मॉडेलने स्त्री-पुरुषांमधली दरी प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवली, तिसऱ्या वर्गात जास्त. हे योगायोगाने होत नाही. `Class + Sex` असं लिहिताना आपणच त्याला बजावलं होतं की ऑड्सच्या भाषेत बाईपणाचा फरक सगळ्या वर्गांत सारखाच धर. ते बिचारं सगळ्यांचं मिळून एक मधलंच ११.२५ काढून बसलं. प्रत्यक्षात पहिल्या वर्गातला ऑड्स रेशो ७२च्या आसपास आहे आणि तिसऱ्या वर्गातला ४.४. बायका-मुलांना आधी होडीत बसवायचं हा नियम पहिल्या वर्गाच्या डेकवर जितका चालला तितका खालच्या मजल्यांवर चालला नाही, हीच तर या आकड्यांतली बातमी. आणि अधिकचिन्हाच्या त्या मॉडेलने नेमकी तीच पुसली होती.

उपाय म्हणजे इंटरॅक्शन, म्हणजे बाईपणाचा फरक वर्गागणिक वेगळा असू द्यायचा: `+`च्या जागी `*`. गोष्ट सोपी राहावी म्हणून फक्त प्रौढांवर करू.

```r
a <- subset(d, Age == "Adult")
m2 <- glm(Survived ~ Class * Sex, data = a,
          weights = Freq, family = binomial)
```

आता तक्ता वाचताना नवा सापळा लागतो. `SexFemale`समोर ४.२८३ दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, स्त्री असण्याचा परिणाम जवळपास दुप्पट झाला. तसं नाही. ही ओळ आता फक्त पहिल्या वर्गातल्या स्त्रियांची आहे, कारण आधारगट पहिला वर्ग. आणि `Class3rd:SexFemale`समोर −२.८०० दिसतात. एका मुलीने यावरून लिहून आणलं होतं, ‘तिसऱ्या वर्गात स्त्री असणं तोट्याचं ठरलं’. तिचा दोष नाही, उणे चिन्ह तसंच वाचावंसं वाटतं. पण बेरीज केल्याशिवाय ती ओळ बोलत नाही. तिसऱ्या वर्गातलं स्त्री-पुरुष अंतर म्हणजे ४.२८३ − २.८०० = १.४८३, म्हणजे अजून अधिकच. फायदा तिथेही होता, पहिल्या वर्गाइतका नव्हता. इंटरॅक्शनची ओळ सुटी वाचायचीच नाही, असा मी माझ्यापुरता दंडक करून टाकलाय.

या मॉडेलच्या शक्यता काढल्या तर ३३, ९७, १६, ४६ अशा मोजणीशी तंतोतंत जुळतात. याचं फार कौतुक करू नका. प्रत्येक वर्ग-लिंग जोडीला मॉडेलने स्वतंत्र आकडा दिलाय, मग जुळणारच. मोजणीच पुरेशी असताना रिग्रेशन कशाला, हा प्रश्न अशा वेळी रास्त आहे. वय वर्षांत असेल किंवा दहा-बारा घटक असतील, तेव्हा प्रत्येक चौकटीत मोजण्याइतकी माणसं उरत नाहीत आणि मॉडेल लागतं.

पण म्हणून सरसकट `*` घालत सुटायचं नाही. `Class * Age` करून बघा. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातली तीसच्या तीस मुलं वाचली. गेलेलं एकही नाही, म्हणजे ‘तीसास शून्य’. असे ऑड्स अनंत होतात. मग सहगुणक अवाढव्य होतो, त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे `Std. Error`चा आकडा, त्याच्याही कितीतरी पट मोठी येते आणि शक्यता जवळजवळ १०० टक्के. असं दिसलं की तो आकडा लोकांना सांगू नका. ‘त्या दोन वर्गांतली सगळी मुलं वाचली’ एवढंच सांगा, ते जास्त खरं आहे.

अनिश्चितता कशी सांगायची

प्रमाण त्रुटी हीसुद्धा लॉग-ऑड्सच्याच भाषेत असते, त्यामुळे शक्यतेत ती थेट अधिक-उणे करता येत नाही. ९७ टक्क्यांना ±५ लावलं तर १०२ होतात आणि काका पुन्हा हात वर करतात. आधी लॉग-ऑड्समध्ये खालची-वरची मर्यादा काढायची, मग दोन्ही टोकं भाषांतरित करायची:

```r
q <- predict(m2, n, se.fit = TRUE)
plogis(q$fit - 1.96 * q$se.fit)
plogis(q$fit + 1.96 * q$se.fit)
```

येणारा पट्टा मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला नसेल. शंभराजवळ तो वरून दाबलेला असतो. ते बरोबरच आहे. आणि एका माणसाच्या पट्ट्यासाठी तक्त्यातल्या प्रमाण त्रुट्यांची नुसती बेरीज करू नका. सहगुणक एकमेकांशी बांधलेले असतात, ते नातं तक्त्यात छापलेलं नसतं, `predict()`ला ते ठाऊक असतं.

मग लोकांना सांगायचं काय

एकच आकडा हवा असा आग्रह धरणारे संपादक असतातच. त्यांच्यासाठी एक रीत आहे. पहिलं मॉडेल घ्यायचं, २२०१ जणांच्या ओळींत वर्ग आणि वय जसंच्या तसं ठेवायचं, एकदा सगळ्यांना पुरुष लिहायचं, एकदा सगळ्यांना स्त्री, आणि दोन्ही वेळच्या शक्यतांची सरासरी घ्यायची. २२ आणि ७३ येतात. ‘वर्ग आणि वय तेच ठेवलं तर शंभरांपैकी २२ विरुद्ध ७३’ हे वाक्य ‘अकरा पट’पेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे. तरी त्यात एक मेख आहे. खलाशी-कर्मचारी ८८५, त्यांत बायका होत्या २३. उरलेल्या ८६२ पुरुषांना बायका कल्पून काढलेली ही सरासरी आहे. आणि दोन वर्गांतला तो फरक इथे पुन्हा गायब होतो, म्हणून मला स्वतःला ही रीत फारशी आवडत नाही.

मी हल्ली चारच आकडे ठेवतो, पूर्णांकात, ‘शंभरांपैकी’ असं म्हणून. टक्के-बिंदू, रेशो, लॉग यातलं काही पडद्यावर नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या गावी तोच विषय होता, तेव्हा असं सांगितलं:

“प्रौढांपुरतं बोलू. पहिल्या वर्गातल्या शंभर पुरुषांमागे ३३ वाचले, शंभर बायकांमागे ९७. तिसऱ्या वर्गातल्या शंभर पुरुषांमागे १६ वाचले, शंभर बायकांमागे ४६.”

तिसऱ्या रांगेतली एक बाई लगेच म्हणाली, “म्हणजे तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायका गेल्याच की.” मी अजून इंटरॅक्शनची पाटी लावलीही नव्हती.